गुरुवार, साडेसात ते सव्वाआठ: आठवड्याची बैठक बसवायची कशी

यावल तालुक्यात केळी उत्पादकांच्या एका कंपनीचं कामकाज मी बघतो. कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनीच शेअर घालून उभी केलेली. एक पॅकहाउस, खतं-औषधांचं दुकान आणि कापणीच्या दोन टोळ्या, एवढाच पसारा. दोन वर्षं आमची आठवड्याची बैठक 'बसू ना एकदा' या शब्दांवर चालली होती. म्हणजे कुणाला तरी अडचण आली की तो मला फोन करायचा, मी सात जणांना फोन करायचो, त्यातले तिघं 'उद्या बघू भो' म्हणायचे, आणि शेवटी पॅकहाउसच्या पायरीवर जे चौघं सापडतील त्यांची बैठक व्हायची. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ज्या बागेत जायचा, तिथला शेतकरी म्हणायचा, 'मला कुणी सांगितलंच नाही, मी तर रात्रीच पाणी दिलंय.'

या जानेवारीपासून ती बैठक नीट बसवली. जे केलं ते क्रमानं लिहितो. दुधाची डेअरी, डाळ मिल किंवा बचत गटाचं फेडरेशन चालवणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या असतील, पण बैठकीच्या सूचनेत लिहायच्या गोष्टी त्याच चार राहतील: बैठक केव्हा केव्हा होणार, किती वेळ चालणार, ती कुणाच्या हाती असणार, आणि त्यात बदल हवा असेल तर तो मागायचा कसा. पहिल्या तीन सगळे लिहितात. चौथी कुणी लिहीत नाही, आणि बैठक मोडते ती तिथेच.

आधी ठरवा, दर आठवड्याला नेमकं काय ठरतं

वार-वेळ ठरवण्याआधी आम्ही एक कागद घेतला आणि कंपनीत कोणता निर्णय किती दिवसांनी घ्यावा लागतो ते लिहून काढलं. केळीचा भाव रोज बदलतो, तेव्हा तो बैठकीचा विषय होऊच शकत नाही, तो फोनवर कळतो. उधारीचा हिशेब महिन्यानं होतो. संचालक मंडळाची सभा तर कायद्यानंच बांधलेली आहे: उत्पादक कंपनीत ती तीन महिन्यांत निदान एकदा घ्यावी लागते आणि तिची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. तिचे ठराव आठवड्याच्या बैठकीत उरकता येत नाहीत. आमचे एक संचालक, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सुरुवातीला दर वेळी शेअर भांडवलाचा विषय काढायचे. त्यांना सांगावं लागलं, 'आप्पा, हे मंडळाच्या सभेत.'

ही चाळणी लावल्यावर एकच गोष्ट उरली, पुढच्या आठवड्याची कापणी यादी. कुणाची बाग कोणत्या दिवशी, कोणती टोळी, किती ट्रॉल्या, किती खोके. खरेदीदार आम्हाला पुढच्या आठवड्याची मागणी बुधवारी कळवतो, म्हणून ही यादी दर आठवड्याला नव्यानं करावी लागते. बैठक आठवड्याची का, तर यादी आठवड्याची म्हणून. तुमच्याकडे असा दर आठवड्याला घ्यायचा एकही निर्णय सापडला नाही, तर आठवड्याची बैठक बसवू नका, पंधरवड्याची बघा.

कोणी यायचं हेही यादीनंच ठरवलं. दोन्ही टोळ्यांचे मुकादम, पॅकहाउस सांभाळणाऱ्या ताई, वाहनं बघणारा पोरगा, दुकानाचा माणूस, दोन संचालक आणि मी, असे आठ जण. हिशेबनीसाला आम्ही काढलं. त्याला यादी हवी असते, चर्चा नको असते.

वार आणि वेळ

वार ठरवताना 'तुम्हाला कधी जमेल' असं विचारू नका. सगळे 'कधीही चालेल' म्हणतात आणि नंतर येत नाहीत. आम्ही सात दिवसांचा तक्ता काढून पॅकहाउसच्या भिंतीवर लावला आणि प्रत्येकाला एकच काम दिलं, ज्या वेळी येणं शक्यच नाही तिथे फुली मारायची. मुकादमांच्या फुल्या पहाटेपासून दुपारपर्यंत पडल्या, तेव्हा कापणी चालते. शनिवारी संध्याकाळीही पडल्या, कारण त्या दिवशी गावचा बाजार असतो आणि बाजाराच्या दिवशी मजुरी वाटावी लागते. त्या दिवशी मुकादमाला बैठकीला बोलावणं म्हणजे टोळीला उपाशी ठेवणं.

हा तक्ता एक आठवडा ठेवून भागत नाही, दोन आठवडे लागतो. शेतीपंपाची तीन फेज वीज आपल्याकडे चक्राकार मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात वीज दिवसा आहे त्या आठवड्यात संध्याकाळ मोकळी दिसते, आणि पाळी फिरली की तोच माणूस रात्री मोटर चालू करायला शेतात गेलेला असतो. आमचा पहिला तक्ता एकाच आठवड्याचा होता. त्यावरून रात्री नऊची वेळ छान मोकळी दिसत होती. दुसऱ्या आठवड्यात त्याच चौकोनात पाच फुल्या पडल्या.

मग उलटा हिशेब केला. यादी सोमवारपासून लागू होते. ज्याची बाग सोमवारी कापायची त्यानं आधी दोन-तीन दिवस पाणी बंद करायला हवं, कारण आपल्या काळ्या जमिनीत ओल्या बागेत ट्रॉली घातली की ती रुततेच. म्हणजे त्या शेतकऱ्याला शुक्रवारी सकाळपर्यंत निरोप मिळायला हवा. मागणी बुधवारी येते. दोन्हींच्या मध्ये गुरुवारच उरतो. गुरुवारी फुल्या नसलेला पट्टा संध्याकाळी सात ते नऊ होता. साडेसात धरली, म्हणजे दूध घालून येणाऱ्याला अर्धा तास मिळतो आणि रात्रीच्या पाळीला जाणारा नऊच्या आत मोकळा होतो.

आता शब्दांबद्दल, कारण इथे फसगत होते. 'आठवड्यातून एकदा' असं लिहू नका. त्यात वार नाही, म्हणजे परत फोन आले. 'दर गुरुवारी' लिहा. पंधरवड्याची बैठक असेल तर आणखी जपा. 'पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी' आणि 'दर चौदा दिवसांनी' या दोन गोष्टी एक नाहीत. २०२६ चा जानेवारी बघा. १ तारखेला गुरुवार होता, म्हणून महिन्यात पाच गुरुवार आले. पहिला-तिसरा धरला तर बैठका १ आणि १५ जानेवारीला, आणि पुढची थेट ५ फेब्रुवारीला, म्हणजे तीन आठवड्यांनी. चौदा दिवस धरले तर १, १५, २९ जानेवारी आणि मग १२ फेब्रुवारी. निम्मे लोक एक अर्थ घेतात, निम्मे दुसरा, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

बैठकीला शेवटची तारीखही द्या. आम्ही १ जानेवारी ते ३० एप्रिल २०२६ अशी मुदत घातली. मोजले तर अठरा गुरुवार. मुदत एप्रिलअखेर का, तर मे महिन्यात सगळंच बदलतं. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की कापणी उजाडायच्या आधी सुरू होते, माणसं दुपारी झोपतात आणि संध्याकाळी उशिरा बाहेर पडतात. हिवाळ्यात बसवलेली वेळ उन्हाळ्यात आपोआप चालेल असं धरून चाललं की बैठक न सांगता मरते. मुदत संपली की वेळ पुन्हा ठरवावीच लागते, कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

मुदत ठरली की लगेच कालनिर्णय काढून त्यातले सण बघा. आमच्या अठरा गुरुवारांत १९ मार्चला गुढीपाडवा येत होता. ती एक बैठक पहिल्याच दिवशी बुधवारी, १८ तारखेला टाकून मोकळे झालो. मात्र १८ ची बैठक मागणी आल्यावरच होऊ शकते, म्हणून खरेदीदाराला त्या आठवड्याची मागणी मंगळवारी द्यायला सांगितलं. हे तीन महिने आधी कळवलं म्हणून त्यानं ऐकलं. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

पंचेचाळीस मिनिटं कुठून आली

पहिले तीन गुरुवार आम्ही मुद्दाम तासाभराची जागा ठेवली आणि घड्याळ लावून बघितलं. एका बागेवर बोलायला साधारण अडीच मिनिटं लागतात: माल किती तयार, रस्ता कसा, पाणी कधी बंद. आठवड्याला आमच्या आठ बागा असतात, म्हणजे वीस मिनिटं. त्याआधी मागच्या यादीतलं काय राहिलं याला पाच, मागणी आणि वाहनांना दहा. यादी झाल्यावर मजूर, खोके अशा अडचणींना पाच. आणि शेवटची पाच मिनिटं ठरलेली यादी मोठ्यानं वाचून दाखवायला. झाली पंचेचाळीस.

ते वाचून दाखवणं गाळू नका. आमच्या एका मुकादमाला वाचायला जड जातं, पण ऐकलेलं तो विसरत नाही. फेब्रुवारीत दोन वेळा वेळ संपली म्हणून वाचन राहिलं आणि दोन्ही वेळा एकेक बाग चुकली. तेव्हापासून ही माझी खूण झाली आहे. वाचन लागोपाठ दोनदा राहिलं की समजायचं, वेळ कमी पडतेय किंवा विषय जास्त झालेत.

बागा वाढल्या तर वेळ वाढवायची नाही. कापणीचा जोर असताना एका आठवड्यात तेरा बागा आल्या होत्या. अडीचच्या हिशेबानं नुसत्या यादीलाच अर्धा तास गेला असता. मग दोन्ही मुकादमांना सांगितलं की बुधवारी संध्याकाळी तुम्ही दोघं बसून सोप्या बागा आपसात वाटून घ्या, बैठकीत फक्त ज्यांवर वाद आहे त्या आणा. वाद चार बागांवर होता. बैठक चाळीस मिनिटांत उठली.

सुरुवात साडेसातलाच होते, दोन माणसं असली तरी. उशिरा येणाऱ्यासाठी मागचं परत सांगायचं नाही. हे आमच्या बाजूला जरा कडक वाटतं, आणि पहिल्या महिन्यात एक नाना रागावून परतही गेले. पण उशिरा येणाऱ्याला सगळं पुन्हा सांगितलं की वेळेवर येणाऱ्याला पुढच्या वेळी उशिरा यायचं शहाणपण सुचतं. चहा मात्र बैठक झाल्यावर. आधी चहा ठेवला होता तेव्हा आठ वाजेपर्यंत कपबश्याच फिरत होत्या.

कारभारी कोण

बैठक कुणाची, या प्रश्नाला आपल्याकडे आपोआप उत्तर येतं, अध्यक्षांची. ते मान म्हणून ठीक आहे, काम म्हणून नाही. आमचे अध्यक्ष जळगावला जा-ये करतात, महिन्यातले दोन गुरुवार हमखास चुकतात. बैठक त्यांच्या नावावर असती तर दर वेळी 'साहेब येतायत का' हे विचारून मगच सुरू झाली असती.

आम्ही बैठकीला कारभारी नेमला. पॅकहाउसच्या ताई. यादी चुकली तर सगळ्यात आधी खोके पडून राहतात आणि ओरडा त्यांनाच खावा लागतो, म्हणून यादी व्हावी अशी सगळ्यात जास्त गरज त्यांना. कारभारी निवडताना मी हेच बघेन, बैठक झाली नाही तर दुसऱ्या दिवशी कुणाचं काम अडतं. त्यांची कामं लिहून ठेवली: गुरुवारी सकाळी आठवण टाकणं, वेळेवर सुरू करणं आणि उठवणं, यादी लिहिणं, रात्री नऊच्या आत तिचा फोटो ग्रुपवर टाकणं, आणि बदलाची मागणी आली तर हो-नाही सांगणं. त्या नसतील तेव्हा वाहनं बघणारा पोरगा. 'नसतील तेव्हा कुणीतरी' असं लिहिलं की कुणीच नसतं.

अध्यक्षांना हे कसं सांगितलं, ते सांगतो, कारण अनेकांचं इथेच अडतं. त्यांना म्हटलं, 'भाऊ, तुम्ही आलात तर खुर्ची तुमचीच. पण तुम्ही नाही आलात तरी ट्रॅक्टर सोमवारी निघायला पाहिजे.' त्यांनी मान डोलावली.

मोबाइलच्या कॅलेंडरवर बैठक टाकणार असाल तर ती कंपनीच्या ईमेल खात्यावरून टाका, माणसाच्या खात्यावरून नको. आमच्या आधीच्या एका व्यवस्थापकानं स्वतःच्या खात्यावरून बैठका टाकल्या होत्या. तो नोकरी सोडून गेला, आणि त्यानंतर आम्हाला वेळ बदलता येईना, रद्दही करता येईना. सहा महिने मोबाइल चुकीच्या दिवशी वाजत राहिले. Google Calendar मध्ये नोंद करताना Does not repeat असं लिहिलेलं दिसतं, तिथे Custom घेऊन आठवडा आणि गुरुवार निवडायचा, आणि Ends मध्ये Never न ठेवता On निवडून ३० एप्रिल घालायची. पाडव्याच्या एकाच बैठकीचा दिवस बदलायचा असेल तेव्हा ते विचारतं की बदल कशाला लावायचा. तिथे This event निवडा. मधूनच पुढच्या सगळ्यांची वेळ बदलायची असेल तर This and following events. All events ला हात लावू नका, त्यानं झालेल्या बैठकांच्या वेळाही बदलतात आणि मागचं बघायला गेलं की घोळ होतो.

बदल मागायचा कसा

कुणालाही कधी ना कधी अडचण येणारच. लग्न असतं, दवाखाना असतो, मोटर जळते. प्रश्न असा आहे की तो माणूस ती अडचण घेऊन कुणाकडे जातो. काही ठरलं नसेल तर तो त्याला सोयीच्या माणसाकडे जातो. मुकादम संचालकाला सांगतो, संचालक मला सांगतो, मी ग्रुपवर 'आज नाही जमणार बहुतेक' असं लिहितो, आणि त्या 'बहुतेक'वर निम्मे येतात, निम्मे येत नाहीत. आम्ही चार प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा ठेवला.

पहिला, मला येता येत नाही. यात बैठक हलत नाही. गुरुवारी दुपारी बारापर्यंत ताईंना कळवायचं आणि आपल्याऐवजी कोण बोलेल त्याचं नाव द्यायचं. मुकादमांसाठी हे सक्तीचं आहे. आम्ही किती डोकी जमली ते मोजत नाही. दोन्ही मुकादम किंवा त्यांनी पाठवलेली माणसं नसतील तर यादी होत नाही, बाकी सहा जण असले तरी. संचालक दोघंही नसतील तरी यादी होते.

दुसरा, या एका गुरुवारची वेळ हलवा. हे मंगळवारी रात्रीपर्यंत मागायचं, ताईंकडेच, आणि मागताना तीन गोष्टी सांगायच्या: कोणती तारीख, काय कारण, त्याऐवजी कोणती वेळ. पर्यायी वेळ नसलेली मागणी विचारात घेत नाही, कारण ती मागणी नसते, तक्रार असते. ताई फक्त त्याच माणसांना विचारतात ज्यांच्यावाचून यादी अडते, आणि बुधवारी दुपारी बारापर्यंत ग्रुपवर उत्तर टाकतात. उत्तर आलं नाही तर वेळ आहे तीच. हे शेवटचं वाक्य सूचनेत ठळक लिहा. त्यानं आमच्या अर्ध्या भानगडी मिटल्या. ग्रुपवर मतदान घेऊ नका. आम्ही एकदा घेतलं होतं, तेव्हा ज्यांचं येणं गरजेचं नव्हतं त्यांनीच जास्त मतं दिली.

एकदा असं झालं. मंगळवारी एका मुकादमानं ताईंना मेसेज केला: 'ताई, येत्या गुरुवारी बारा तारखेला भाच्याचा साखरपुडा आहे चोपड्याला. सातऐवजी बुधवारी साडेआठला बसलो तर चालेल का?' यात तारीख होती, कारण होतं, वेळ होती. फक्त 'सात' चुकलं होतं, बैठक साडेसातची. ताईंनी दुसऱ्या मुकादमाला फोन केला, तर बुधवारी त्याची रात्रीची पाळी होती, नऊला मोटर चालू करायची. साडेआठला बसून पाऊण तासाची बैठक त्याला जमणार नव्हती. मग त्यांनी बुधवार साडेसात सुचवला, दोघांनाही चालला, खरेदीदाराकडून मागणी सकाळीच आली होती. बुधवारी पावणेबाराला ग्रुपवर आलं: 'या आठवड्याची बैठक गुरुवार १२ ऐवजी आज बुधवार ११, साडेसात ते सव्वाआठ. पुढच्या गुरुवारपासून नेहमीप्रमाणे.' शेवटचं वाक्य नसतं तर पुढच्या बुधवारी दोघं तरी पॅकहाउसवर येऊन बसले असते.

तिसरा, कायमची वेळ बदला. ही मागणी कधीही करता येते, पण तिच्यावर बोलायचं ते महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, शेवटच्या पाच मिनिटांत. मान्य झाली तरी आधी चार आठवडे करून बघायची. फेब्रुवारीत आप्पांनी मागणी केली की बैठक सकाळी आठला घ्या, संध्याकाळी देवळात जायचं असतं. भिंतीवरचा जुना तक्ता काढून त्यांच्यासमोर ठेवला. सकाळी आठच्या रकान्यात दोन्ही मुकादमांच्या फुल्या होत्या. आप्पांनी स्वतःच मागणी मागे घेतली. म्हणून तो तक्ता फेकू नका, बैठक चालू आहे तोवर जपून ठेवा.

चौथा, ऐनवेळी रद्द. वादळ, अपघात, गावात कुणाचं निधन. रद्द फक्त ताई करतात, संध्याकाळी सहापर्यंत, आणि ग्रुपवर टाकून थांबत नाहीत. दोन्ही मुकादमांना फोन करतात, कारण बागेत रेंज नसते आणि मेसेज दोन तासांनी पोचतो. रद्द झाली म्हणजे यादी रद्द झाली नाही. शुक्रवारी सकाळी ताई आणि दोन मुकादम फोनवर तात्पुरती यादी करतात. हे आधी ठरलेलं नसेल तर रद्द झालेल्या प्रत्येक बैठकीनंतर सोमवारचा ट्रॅक्टर कुठे जायचा हा प्रश्न रविवारी रात्री सुटतो, आणि तो कुणाच्या तरी ओळखीवर सुटतो.

सूचना लिहिताना

हे सगळं आम्ही ज्या सूचनेत बसवलं ती अशी:

> कापणी यादीची बैठक. दर गुरुवारी, संध्याकाळी ७.३० ते ८.१५, पॅकहाउसवर. १ जानेवारी ते ३० एप्रिल २०२६. पाडव्याच्या आठवड्यात बुधवार १८ मार्चला. कारभारी: पॅकहाउसच्या ताई, त्या नसतील तर वाहनवाला. येता येत नसेल तर गुरुवारी दुपारी १२ पर्यंत ताईंना कळवा आणि बदली माणसाचं नाव द्या. एखादी बैठक हलवायची असेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत ताईंना तारीख, कारण आणि दुसरी वेळ कळवा. उत्तर बुधवारी १२ पर्यंत. उत्तर नाही म्हणजे वेळ तीच. कायमच्या बदलाची चर्चा महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी. रद्द झाली तर त्याच दिवशी ६ पर्यंत ताई फोन करतील.

खऱ्या सूचनेत अर्थातच नावं आणि नंबर आहेत. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती टाकू नका, दोन दिवसांत शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. पिन करायची तर पिनही जास्तीत जास्त तीस दिवस टिकते. आम्ही ती ग्रुपच्या माहितीत, म्हणजे Group description मध्ये घातली, आणि तिथे बदल फक्त ॲडमिनना करता येतील असं ठेवलं. शिवाय एक छापील कागद पॅकहाउसच्या भिंतीवर, वजनकाट्याजवळ. खरं सांगायचं तर भिंतीवरचाच जास्त वाचला जातो.

पहिल्या दोन महिन्यांत काय बघायचं

हजेरी बघू नका, ती फसवते. आमच्याकडे एका महिन्यात आठच्या आठ जण येत होते तरी शनिवारपर्यंत यादी दोन-तीनदा बदलायची. शोधलं तर कळलं, वाहनं बघणारा पोरगा बैठकीत बसायचा, पण भाड्याच्या आयशरची खात्री तो शुक्रवारी करायचा. म्हणजे यादी होताना गाड्या नक्की नसायच्या. त्याला गुरुवारी दुपारीच गाडीवाल्यांना फोन करायला लावलं, तेव्हा यादी टिकायला लागली. तेव्हापासून ताई सोमवारी सकाळी एवढंच बघतात, गुरुवारच्या यादीतल्या किती बागा ठरल्या दिवशी कापल्या गेल्या. आठपैकी सहा-सात आल्या तर बैठक काम करतेय. चार आल्या तर बैठकीत जे ठरतं ते बाहेर कुणीतरी मोडतंय, आणि तो कोण हे शोधावं लागतं.

दुसरी खूण रद्द बैठकांची. लागोपाठ दोन रद्द झाल्या तर वार किंवा वेळ चुकली आहे असं धरा आणि तक्ता पुन्हा लावा. एकाच माणसामुळे वेळ तीनदा हलवावी लागली तर मात्र तक्ता नको, त्या माणसाच्या जागी दुसरा माणूस बघा.

३० एप्रिलला शेवटची बैठक झाली. शेवटच्या पाच मिनिटांत मे-जूनची वेळ ठरली, रात्री सव्वाआठ ते नऊ, कारण साडेसातला पत्र्याखाली बसवत नाही. ज्यांची वीज रात्रीची आहे ते नऊला उठून जातील, तोवर यादी वाचून झाली पाहिजे अशी ताईंची अट आहे. भिंतीवर नवा तक्ता लागलाय. आप्पांनी यंदा एकही फुली मारलेली नाही.